चाळिशीतलं टेकाड

अमरावतीच्या ज्या कॉलेजात मी मानसशास्त्र शिकवते, तिथं स्मृतीचा धडा बहुधा पावसाळा सरता सरता येतो. दुपारचा तास, वर पंखा, अंगात जेवण उतरलेलं. मुली डोळे उघडे ठेवून झोपलेल्या असतात. मी फळ्यावर एक आडवी रेघ काढते. हे माणसाचं वय. मग एक उभी रेघ. त्या त्या वयातल्या किती आठवणी त्याच्यापुढं येतात, ते इथं मोजायचं. आणि मग साठी-पासष्टीतल्या माणसाचा आलेख काढते. पहिल्या तीन-चार वर्षांची जागा जवळजवळ कोरी. पुढं रेघ हळूहळू चढायला लागते, दहानंतर भराभर, पंधरा ते पंचवीसच्या आसपास माथ्यावर जाते आणि तिशीच्या सुमारास उतरते. त्यानंतर लांबच लांब सपाट माळ. अगदी शेवटी, कालपरवापाशी, पुन्हा थोडी वर.

मधल्या त्या चढाला पुस्तकात भारदस्त नाव आहे. मी वर्गात त्याला आठवणींचा उंचवटा म्हणते. चाळिशी ओलांडलेल्या बहुतेकांच्या आयुष्यात तो सापडतो.

काही वर्षांपूर्वी हे सांगत असताना मागच्या बाकावरच्या एका मुलीनं विचारलं, "मॅडम, म्हणजे आमचं ते आत्ता चालू आहे?"

सगळा वर्ग हसला. मीही हसले. मग हळूहळू हसू विरलं आणि वर्गात एक विचित्र शांतता आली. एकजण स्वतःच्या हातावरच्या उतरत्या मेंदीकडं बघत होती. दोघी खिडकीबाहेर. जणू त्या प्रत्येकीला एकदम कळलं होतं की हा पंखा, हा फळा, शेजारणीच्या डब्यातल्या लोणच्याचा वास, यातलं काहीतरी चाळीस वर्षं बरोबर येणार आहे, आणि काय येणार ते निवडणं आपल्या हातात नाही.

त्या शांततेतूनच माझा अभ्यास सुरू झाला, असं मी आता म्हणते. संध्याकाळी बागेत जमणाऱ्या म्हाताऱ्या मंडळींकडं मी जाऊ लागले. पद्धत जुनी आणि साधी आहे. मी एक शब्द म्हणायचा. नदी. किल्ली. चव. त्यावरून स्वतःच्या आयुष्यातला जो प्रसंग पहिल्यांदा मनात येईल, तो समोरच्यानं सांगायचा. गोळाबेरीज नाही, एखादा विशिष्ट प्रसंग. मग पुढचा शब्द. सगळे शब्द संपल्यावर परत पहिल्यापासून जायचं आणि प्रत्येक वेळी तुमचं वय काय असेल, ते विचारायचं.

वय विचारलं की माणसं बोटांवर मोजतात, पुटपुटतात, कुणाच्या लग्नापासून, कुठल्या बदलीपासून वर्षं धरत मागे जातात. मला तो क्षण आवडायचा. बाकावर बसलेला माणूस तिथं नसायचाच. एक निवृत्त एसटी ड्रायव्हर 'दिवा' म्हटल्याबरोबर एकोणिसाव्या वर्षीच्या एका मंडपात गेले आणि पाच मिनिटं परत आलेच नाहीत. मी टोकलं नाही. बागेत कारंज्याचं पाणी उडत होतं, पोरं घसरगुंडीवर ओरडत होती, आणि त्यांच्या चेहऱ्यावर त्या मंडपातला उजेड होता. चाळिशी-पन्नाशीत ते रोज शेकडो माणसं परतवाड्याला नेत-आणत होते. त्या वीस वर्षांतलं त्यांना दोनदाच काही आठवलं.

असं का होतं, याची कारणं एकापेक्षा जास्त आहेत आणि ती एकमेकांत गुंतलेली आहेत. त्या वयात मेंदू जोमात असतो, नवं साठवून घेण्याची ताकद भरात असते. त्याच वयात पुष्कळ गोष्टी पहिल्यांदा होतात. पहिली नोकरी, पहिलं परकं गाव, पहिला पगार, पहिलं प्रेम किंवा निदान त्याची पहिली भीती. पहिल्या गोष्टींना मागचं काही नसतं, त्यामुळं त्या कशात मिसळून जात नाहीत. शिवाय लग्न, मुलं, नोकरी या गोष्टी कोणत्या वयात व्हाव्यात, याचा समाजानं आधीच एक आराखडा करून ठेवलेला असतो, आणि आठवताना आपण त्याच आराखड्यावरून चालतो. आणि सगळ्यात मला भावणारं कारण म्हणजे, त्याच वर्षांत माणूस 'मी कोण' हे ठरवत असतो. पुढं आयुष्यभर स्वतःची ओळख सांगताना तो तिथूनच सांगतो, आणि सांगून सांगून त्या आठवणी घोटीव होतात.

हे सगळं मला पाठ होतं. मे महिन्यात मी अकोल्याला आईकडं गेले, तेव्हाही ते पाठच होतं.

आई अठ्ठ्याहत्तर वर्षांची. माझ्या धाकट्या भावाकडं राहते. त्याचं औषधांचं दुकान आहे. त्याची बायको मुलांना घेऊन माहेरी गेली होती, त्यामुळं घरात आई आणि मी, आणि खिडकीत घुरघुरणारा कूलर. अकोल्याचा मे म्हणजे दुपारी रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नाही. वाळ्याच्या ताट्यांतून ओला वास येत होता. आई पलंगावर, मी खाली फरशीवर कागद पसरून बसलेली.

"काय करून राहिली?" तिनं विचारलं.

मी सांगितलं. शब्द, प्रसंग, वय.

"लोकाइले इचारतं, मले काहून नाई इचारत?"

"आई, तू माझी आई आहेस. तुझं यात धरता येत नाही."

"धरू नोको. पन इचार त खरं."

मला हसू आलं. दुपार लांबलचक होती. मी म्हटलं, "बरं. नदी."

मला तिचं उत्तर माहीत होतं, किंवा तसं वाटत होतं. तिचं माहेर वर्धा नदीच्या काठाला, कौंडण्यपूरच्या अलीकडं. नदी म्हटलं की तिथली जत्रा, ओले पाय, बहिणी. मी आधीच ऐकायला सुरुवात केली होती.

"मोर्णा," आई म्हणाली. "पूर आलता. माह्या सायकलीले झेंडूचं बोचकं बांधेल. पुलावर मानसंच मानसं. एक पोलीस म्हने, बाई, मांगं जा. म्या म्हनलं, फुलं सुकतीन त तू घेशीन का इकत? हासला तो. पानी उतरेपरेंत मी तिथंच उभी. सगळा पूल झेंडूनं महकत होता."

"हे कधीचं?"

"तवा तू बारावीत होती."

मोर्णा म्हणजे अकोल्यातली नदी, आणि आई तेव्हा फुलं विकायची. मी मनात हिशेब केला. बेचाळीसच्या आसपास. ठीक आहे, एखादी आठवण अशी बाहेर पडतेच. शब्द संपेपर्यंत वय विचारायचं नसतं, पण इथं नियम कोण बघत होतं!

"किल्ली," मी म्हटलं.

कूलरमधलं पाणी संपत आल्याचा आवाज येत होता.

"आपन गाव सोडून अकोल्याले आलो, तो पयला दिवस. तुये बाबा जिनिंगमंदी हजर व्हाले गेले. जाताना कुलपाची किल्ली माह्या हातात देली. तिकडं मोठ्या घरी समद्या किल्ल्या सासूबाईच्या कंबरेले. कोठीची, दुधाच्या शिंक्याच्या खोलीची, समद्या. वीस वर्सं त्या घरात होती मी, पन किल्ली नाई धरली. इकडं दोन खोल्या. एकच कुलूप. म्या ते लावलं, उघडलं, लावलं, उघडलं. शेजारीन म्हने, काय झालं व बाई, बिघडलं का?"

आई हसली. त्या हसण्यात ती मला दिसली, चाळीस वर्षांची, नवं लुगडं नेसलेली, कुलपाशी खेळणारी. मी तेव्हा सोळा वर्षांची होते आणि हे मला माहीत नव्हतं.

पुढचा शब्द 'चव'. फुलबाजारात माल देऊन झाल्यावर एका सकाळी ती टपरीसमोरच्या बाकावर बसली आणि तर्री-पोह्यांची एक प्लेट मागवली. "कोन जेवलं, कोन रायलं, काई पायलं नाई. बसली अन् खाल्लं. भल्ले तिखट होते. डोयातून पानी येऊन रायलं, तरी खाऊन रायली." कधीचं? "तू पयल्यांदा अमरावतीले होस्टेलात गेली, त्या वर्साचं."

'लग्न' म्हटलं तेव्हा मी जरा सावरून बसले. आता तरी तिचं लग्न येईल. आईला कुणाचं लग्न आठवलं? अकोल्यातल्या एका सर्वस्वी परक्या कुटुंबातलं, ज्यांना तिनं पहिल्यांदा मोठ्या ऑर्डरच्या माळा करून दिल्या. मंडपाच्या मागच्या बाजूनं डोकावून तिनं बघितलं, तर नवरीच्या डोक्यावर तिची शेवंती.

"अन् तुझं स्वतःचं लग्न?"

"ते बी आठवते ना. पन तू जे पयलं येते ते सांग म्हनलं होतं."

एकट्या 'आजार' या शब्दावर ती त्या वर्षांत गेली नाही. तिथं बाबांचं शेवटचं दुखणं आलं, अलीकडचं. तेही पुस्तकाला धरूनच होतं. दुःखाच्या आठवणी तशा एका जागी ढिगानं पडत नाहीत. त्या आयुष्यभर विखुरलेल्या असतात, जिथं घाव पडला तिथं. पण बाकी जवळपास सगळं चाळीस ते पंचेचाळीस. ती ते वय स्वतःच्या वर्षांनी सांगतच नव्हती. माझी अकरावी, माझी बारावी, माझं होस्टेल. तिच्या आयुष्याचा सगळ्यात उजळ तुकडा ती माझ्या इयत्तांनी मोजत होती.

मी पेन खाली ठेवला.

कारण मी त्या वर्षांबद्दल काही वेगळंच समजून होते. चांदूर रेल्वेकडच्या गावातलं आमचं मोठं घर, काळी जमीन, धान्यानं भरलेल्या कोठ्या. तिथून बाबांच्या कापसाच्या जिनिंगमधल्या नोकरीपायी दोन भाड्याच्या खोल्यांत येणं, आणि शेजारच्या मळ्याच्या एकट्या म्हाताऱ्या मालकिणीला मदत करता करता आईचं फूलवाली होणं. मी ही आईची घसरण समजत आले होते. पहाटे ती ओल्या गोणपाटात फुलं बांधायची, तिच्या बोटांच्या पेरांना भेगा असायच्या. तिचं तरुणपण गावात राहिलं आणि उरलं ते अकोल्यानं खाल्लं, असंच मला वाटायचं.

"आई, आपण गाव सोडलं तेव्हा तू एसटीत रडत होतीस. मी बघितलं आहे."

"रडली ना. रडू नाई का मंग? वीस वर्सं रायली होती तिथं." तिनं पदरानं मान पुसली. "पन अकोल्याच्या स्टँडवर उतरली तवा थांबली."

"आणि गावातलं? तू वीस वर्षांची, पंचवीस वर्षांची होतीस तेव्हाचं? ते का येत नाही?"

आईनं खरंच प्रयत्न केला. डोळे मिटून घेतले. बाहेर ऊन इतकं पांढरं होतं की खिडकीच्या फटीतून ते दुधासारखं आत पडत होतं.

"येते," ती म्हणाली. "पन समदे दिवस एकावर एक ठेवल्यावानी येतेत. सकायी उठा, चूल पेटवा, भाकरी थापा. कोनता दिवस कोनता, समजत नाई. कोनी मले नावानं हाक बी मारत नव्हतं तिकडं. मोठी सून, बस. इकडं बाजारात समदे माह्यं नाव घेत." मग डोळे उघडून ती अगदी सहज म्हणाली, "मी त तवाच मी झाली ना, बाई."

हे वाक्य मी वर्गात किती वर्षं इतर शब्दांत शिकवत आले होते. जे लोक मध्यमवयात देश सोडून दुसरीकडं वसतात, त्यांच्या आठवणींचा उंचवटा विशीत न राहता स्थलांतराच्या वयाकडं सरकतो, हेही मी शिकवलेलं आहे. पण ते लोक माझ्या डोक्यात विमानातून उतरायचे. चांदूर रेल्वेहून एसटीनं अकोल्याला येणारी बाई त्यांच्यात असू शकते, असं कधी मनात आलं नव्हतं.

मी तिला फळ्यावरचा तो आलेख कागदावर काढून दाखवला. तिनं चष्मा लावून पाहिला.

"टेकाडावानी दिसते," ती म्हणाली.

"सगळ्यांचं इथं असतं, विशीत. तुझं इथं आहे."

"मंग तुया लोकाइचं लवकर आलं," आई म्हणाली.

संध्याकाळी भाऊ दुकानातून जेवायला आला, तेव्हा आम्ही दोघी भांडत होतो. सायकलीवरून.

आई चाळिशीत सायकल शिकली, ही आमच्या घरातली प्रसिद्ध गोष्ट. मला ती संध्याकाळ स्वच्छ आठवते. मळ्याच्या कडेचा कच्चा रस्ता, हिरव्या रंगाची लेडीज सायकल, आईनं पदर खोचलेला, आणि मी मागून कॅरिअर धरून धावते आहे. माझ्या चपलेचा अंगठा तुटला होता. एका क्षणी मी हात सोडले आणि ती गेली, सरळ, बाभळीपर्यंत.

"तू कुठं होती तवा?" आई म्हणाली. "तू ट्यूशनले गेलती. मळ्याच्या मालकिनबाईनं धरली होती. अन् सायकल हिरवी नाई. कोयशावानी काई होती. म्या पुसत जाओ रोज, मले नाई मालूम?"

"आई, माझ्या चपलेचा अंगठा तुटला होता!"

"तुटला असन. दुसऱ्या दिवशी तुटला असन."

मी भावाकडं वळले. "तू सांग. तू तिथं होतास ना?"

"मी?" भाऊ हात धुता धुता थांबला. "मी किती वर्षांचा होतो?"

"चार," आई म्हणाली. "बांधावर बसेल होता. मुरमुरे खाऊन रायलता."

भाऊ जेवायला बसला. त्यानं किसलेल्या कैरीच्या तक्कूत भाकरीचा तुकडा बुडवला. "ताई, मला तो मळा आठवतच नाही," तो म्हणाला. "तुम्ही दोघी नेहमी बोलता, मी ऐकत असतो. एकच आहे. ओल्या गोणपाटाचा वास. तो कुठं आला की मला उगीच बरं वाटतं. पण त्याच्या मागंपुढं काहीच नाही."

मला त्याचं वाईट वाटलं आणि नवलही. एकाच मळ्यात आम्ही तिघं एकाच वेळी होतो. मी सोळाची, माझ्या चढावर उभी. आई चाळिशीची, तिच्या उशिरा आलेल्या चढावर. आणि तो चार वर्षांचा, जिथून पुढं काही फारसं येत नाही अशा धुक्यात, मुरमुरे खात. आम्हा दोघींना ती वर्षं इतकी उजळ का, याचं कारण दोघींचं वेगळं होतं, पण उजेड एकच पडला होता. आणि तो कितीही लख्ख असला तरी सायकल हिरवी होती की काळी, याची खात्री त्यातून मिळत नाही. आठवण दर वेळी नव्यानं बांधली जाते. लख्ख आहे म्हणून ती खरी, असं नसतं. हे मी आईला समजावायला गेले.

"मंग तुयीच खोटी असन," ती म्हणाली. विषय तिथं संपला.

जेवण झाल्यावर तिनं माझे कागद ओढून घेतले. "आता मी इचारतो. तू सांगजो. नदी."

बायका असं 'मी इचारतो' म्हणतात आमच्याकडं, आणि पुण्याचे पाहुणे हसतात. आई एकेक शब्द वाचत गेली, शाळेतल्या गुरुजींसारखी, आणि मी उत्तरं देत गेले. होस्टेलच्या गच्चीवर वाळत घातलेले केस. पहिल्या पगाराची साडी. एका मैत्रिणीबरोबर चुकीच्या गाडीत बसून बडनेऱ्याऐवजी भलतीकडंच जाऊन पोचणं. सोळा, अठरा, बावीस, चोवीस. आई प्रत्येक वेळी मान हलवायची. तिला ते वय बोटांवर मोजावं लागत नव्हतं; माझी वर्षं तिला माझ्यापेक्षा चांगली ठाऊक होती.

शब्द संपले तेव्हा तिनं विचारलं, "तुयी चाळिशी कुठी हाय?"

मी शोधायला गेले. खरंच गेले. चाळीस ते पन्नास. पेपर तपासणं. सकाळचा डबा. गाडगेनगरच्या चौकातला सिग्नल. नवऱ्याचा चहा, माझा चहा. मुलाचे क्लास. प्रत्येक दिवस आधीच्या दिवसावर नीट घडी करून ठेवलेला, आणि आता सगळी चळत मिळून एकच दिवस दिसत होता. त्यात दुःख काही नव्हतं. मी सुखीच होते त्या काळात, असं मला वाटतं. पण ते मला तिऱ्हाइताचं वाटत होतं, कुणी सांगितल्यासारखं.

"काई फिकर नाई," आई म्हणाली. कागद बाजूला ठेवून ती आडवी झाली. "उद्या मले मळ्याकडं नेजो."

दुसऱ्या दिवशी उन्हं चढायच्या आत आम्ही तिघं ऑटोनं गेलो. भावाला दुकान उशिरा उघडायचं होतं, तोही आला. मळा राहिलेला नाही, हे आम्हाला माहीतच होतं. तिथं लेआऊट पडून पंधरा-वीस वर्षं झाली असतील. अपार्टमेंट, एक दवाखाना, एक कोचिंग क्लास, मधून सिमेंटचा रस्ता आणि फूटपाथला रंगीत फरसबंदीचे गट्टू. मला वाटलं आई हिरमुसेल. ती ऑटोतून उतरली, पदर डोक्यावर घेतला आणि चालायला लागली. कुठल्या बाजूला वळायचं, हे तिला विचारावं लागलं नाही.

"इथं शेवंती," ती म्हणाली. पार्किंगमध्ये उभ्या गाड्यांकडं तिचा हात होता. "तिकडं झेंडू. बाभूय ती तिथं, त्या पानीपुरीवाल्याच्या गाड्यापाशी. तिच्या खाली आपन बोचकं बांधो." सकाळची हवा अजून गार होती. कुठल्या तरी बाल्कनीत कुणी तुळशीला पाणी घालत होतं आणि ते थेंब खाली गट्टूंवर पडत होते. आई हळू चालत होती, पण रस्त्यावरून चालत नव्हती. ती मळ्यातून चालत होती. डाव्या हातानं तिनं काहीतरी बाजूला सारलं, झाडाची फांदी सारावी तसं.

मग एका ठिकाणी ती थांबली. निऱ्या चिमटीत धरून किंचित वर उचलल्या आणि एक लांब पाऊल टाकलं, पलीकडं.

तिथं काही नव्हतं. सपाट फूटपाथ होता. पण मला माहीत होतं तिथं काय आहे. विहिरीकडून झेंडूकडं जाणारा पाण्याचा पाट. भरलेला असला की त्यात आभाळ दिसायचं, आणि ओलांडताना पाय घसरायचा. मीही माझी सलवार उचलली आणि आईच्या मागून तो पाट ओलांडला. भाऊ आमच्या मागोमाग येत होता. तो सरळ चालत आला, गट्टूंवरून, पाण्यातून.

आई वळून बघत होती. "भिजला व पोट्टा," ती मला म्हणाली आणि आम्ही दोघी तिथं फूटपाथवर उभ्या राहून इतक्या हसलो की कोचिंग क्लासला निघालेल्या मुली बघत राहिल्या. भाऊही हसला, कशाला ते न कळून. मग त्यानं विचारलं, आणि आम्ही त्याला पाट कुठून कुठं जायचा ते दाखवलं. तो परत मागं गेला आणि त्यानं उडी मारून पाट ओलांडला. आईचं समाधान झालं.

अमरावतीला परतल्यावर मी बागेतल्या मंडळींची उत्तरं एकत्र केली. रेघ जिथं चढायची तिथंच चढली, विशीत. आईची उत्तरं मी अर्थातच त्यात धरली नाहीत. धरली असती तरी फरक पडला नसता. एवढ्या माणसांच्या सरासरीत तिचं टेकाड दिसलंच नसतं. पण ते हातावेगळं करताना मी बागेत पुन्हा एकदा गेले आणि बायकांना एक प्रश्न जास्तीचा विचारला. तुमच्या आयुष्यात सगळ्यात मोठा बदल कधी झाला? लग्नाचं वय ऐकायला मिळेल, असं मला वाटत होतं. पुष्कळींनी तेच सांगितलं. काहींनी नाही. एक म्हणाली, नवरा गेल्यावर मी अंगणवाडीत लागली तेव्हा. एक म्हणाली, मुलगी मला पहिल्यांदा नागपूरला घेऊन गेली तेव्हा. त्या प्रश्नाचं पुढं काय करायचं, ते मी अजून ठरवलेलं नाही.

दिवाळीनंतर आई माझ्याकडं राहायला आली. एका सकाळी पोहे खाता खाता म्हणाली, "चिखलदरा लय दूर हाय का?"

अठ्ठ्याहत्तर वर्षं वऱ्हाडात काढून तिनं चिखलदरा पाहिलेलं नव्हतं. मी कॉलेजात रजा टाकली. परतवाड्यापर्यंत बसनं गेलो आणि तिथून वर जाणाऱ्या जीपमध्ये बसलो. जीप भरेपर्यंत आईनं शेजारच्या बाईशी ओळख काढली, तिच्या नातवाचं नाव, तिच्या गुडघ्याचं दुखणं, सगळं. मग घाट सुरू झाला. सागाची पानं गळायला लागली होती. वळणावळणाला धुकं उतरत होतं, आणि आई खिडकीच्या गजाला धरून बाहेर बघत बसली होती.

वर गेल्यावर एका बागेत कॉफीची झुडपं होती. आईला कॉफी झाडावर येते हे खरंच वाटेना. माळ्यानं एक पिकलेलं लाल फळ तोडून तिच्या हातावर ठेवलं. तिनं ते तोंडात टाकलं, चावलं, आणि तिचे डोळे मोठे झाले.

"गोड हाय की व!"

बिया तिनं थुंकल्या नाहीत. तळहातावर घेतल्या, पुसल्या आणि पदराच्या टोकाला गाठ मारून ठेवल्या. अकोल्यात लावणार म्हणाली, गच्चीवर, डब्यात.

"आई, अकोल्याच्या उन्हात कॉफी येत नाही."

"तुले काय मालूम," ती म्हणाली.

परतताना जीपमध्ये तिला झोप लागली. तिचं डोकं माझ्या खांद्यावर, पदराची गाठ मुठीत. बाहेर घाट उलगडत होता, खाली परतवाड्याचे दिवे लागत होते आणि माझा खांदा अवघडला होता. मी तो हलवला नाही.